दगडाची घनता : दोन छायाचित्रे आणि एक वजन

कोल्हापूरच्या परिसरात काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, जागोजागी आढळतो. त्याची बोटासारखी लांबट कपची आम्ही घनता काढण्यासाठी निवडली, कारण १०० मिलिलिटरच्या मोजपात्राचे तोंड अरुंद असते. कपची कोरडी असतानाच तिचे वस्तुमान घेतले, ते ८४.६ ग्रॅम भरले. मोजपात्रात ६० मिलिलिटरपर्यंत पाणी भरून छायाचित्र घेतले. मग कपची बारीक दोऱ्याने अलगद पाण्यात सोडली, हलके टिचकी मारून चिकटलेले बुडबुडे सोडविले आणि दुसरे छायाचित्र घेतले. पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ ९० वर होता. म्हणजे कपचीचे आकारमान ३० घन सेंटिमीटर आणि घनता ८४.६ ÷ ३० = २.८२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. दख्खनच्या बेसाल्टची घनता साधारणतः २.७ ते ३.० असते, तेव्हा उत्तर विश्वासार्ह वाटते.

तथापि दुसरा दशांश लिहिणे आम्हांस रास्त वाटत नाही. पात्रावरील खुणा एकेक मिलिलिटरच्या आहेत. प्रत्येक वाचनात अर्ध्याची चूक धरली, तर आकारमान २९ ते ३१ आणि घनता २.९ ते २.७ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. कपची ५ घन सेंटिमीटरचीच असती, तर तीच चूक उत्तराचा पंचमांश बिघडविती. म्हणून दगड पात्रात मावेल तेवढा मोठा घ्यावा.

छायाचित्राचा खरा धोका निराळा आहे. कॅमेरा ६० च्या खुणेसमोर ठेवला आणि दुसऱ्या वेळी तसाच राहू दिला, तर वर चढलेले पाणी त्याला खालून दिसते. दृष्टिरेषा पात्राच्या पुढील काचेला पाण्याच्या पातळीपेक्षा खाली छेदते आणि ९० ऐवजी ८८ वाचले जाऊ शकते. मग आकारमान २८ आणि घनता ३.०२ येते. हे चित्रावरूनच ओळखता येते : कॅमेरा समपातळीत असेल तर पाण्याचे पृष्ठ एका रेषेसारखे दिसते; वर वा खाली असेल तर ते लंबवर्तुळ होऊन पसरते. असे चित्र टाकून द्यावे आणि प्रत्येक वेळी कॅमेरा नव्या पातळीशी आणावा.

पन्हाळ्याचा जांभा मात्र या रीतीला सहजी दाद देत नाही. तो सच्छिद्र असल्याने पाण्यात सोडताच बुडबुडे निघू लागतात आणि चढलेली पातळी हळूहळू खाली येते. पाच-पाच मिनिटांनी घेतलेली चित्रे शेजारी ठेवली की हे उघड दिसते. छिद्रांसह आकारमान हवे असल्यास कोरड्या जांभ्याचे वस्तुमान आधी घ्यावे, मग तो रात्रभर पाण्यात भिजवावा, बाहेरून पुसावा आणि नंतरच मोजपात्रात सोडावा. भागाकार कोरड्या वस्तुमानाचाच करावा. भिजलेल्याचे वजन घेतले तर छिद्रांतील पाणीही दगडात मोजले जाते.