गाडी नवापूरला उतरवते, पुढचे बारा किलोमीटर कोणाचे?

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागातली खान्देशी कुटुंबं गावाकडे निघाली की अर्धा प्रवास सोपा असतो. भुसावळकडे जाणारी गाडी पकडायची, बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकायचं आणि नवापूर किंवा नंदुरबारला उतरायचं. अडचण तिथून पुढे सुरू होते. स्टेशनपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावाला जायला एसटी दिवसातून एकदा-दोनदा, तीही शाळेच्या वेळेला. बाकी वेळ काळी-पिवळी, इको किंवा रिक्षा भरेल तेव्हाच निघणार. सुरत ते नवापूरला जेवढा वेळ लागत नाही, तेवढा कधी कधी नवापूरच्या नाक्यावर बसून जातो.

तीच गत पार्सलची. सुरतच्या रिंगरोडवरच्या मार्केटमधून निघालेली साडी तालुक्याच्या गावापर्यंत वेळेत पोहोचते. मग कुरिअरवाल्याचा फोन येतो, "गावात येणं जमणार नाही, इथे येऊन घेऊन जा." माणूस आणि पार्सल, दोघंही एकाच ठिकाणी अडकतात, आणि दोघांच्याही अडकण्याचं कारण एकच आहे. ते नीट समजलं तर उपायही एकच निघू शकतो.

'भरली की निघाली' असं का होतं?

शटल रिक्षा सुरतवाल्यांना वेगळी सांगायला नको. 2014 च्या जानेवारीत उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी मार्गावर बीआरटीएस सुरू होईपर्यंत या शहराचा मोठा भार शटल रिक्षांनीच उचलला. शटल शहरात चालते, कारण एक माणूस उतरला की पुढच्या नाक्यावर दुसरा उभाच असतो. रिक्षावाल्याला थांबावं लागत नाही.

गावाच्या रस्त्यावर मधे कोणी चढत नाही. जो बसेल तो स्टेशनच्या नाक्यावरच. म्हणून ड्रायव्हर गाडी पूर्ण भरेपर्यंत हलत नाही, आणि परत येताना रिकामं यावं लागेल म्हणून जाताना सहाच्या जागी अकरा कोंबतो. हा हावरेपणा म्हणून सोडून देता येत नाही, त्यामागे हिशेब आहे. आणि गाडी कधी निघेल याचा भरवसा नसल्यामुळे ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो वाट बघत नाही. त्यामुळे प्रवासी आणखी कमी होतात आणि गाडी आणखी उशिरा भरते. 2021 च्या शेवटापासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हे चक्र रोज अनुभवलं.

कुरिअरच्या पोराचंही तसंच. दोन पार्सलांसाठी चोवीस किलोमीटरची फेरी त्याला परवडत नाही. त्यात घरी कोणी नसेल किंवा रोख पैसे तयार नसतील तर फेरी वाया जाते आणि पार्सल सुरतला परत.

एकच गाडी, दोन्ही कामं

उपाय असा, की ठरलेल्या वेळेला निघणाऱ्या गाडीत माणसंही न्यायची आणि पार्सलची पिशवीही. कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये टपाल खात्याच्या पिवळ्या मोटारी 1906 पासून डोंगरातल्या गावांना टपाल आणि प्रवासी एकत्र नेत आल्या. आपल्याकडेही एसटीने पार्सल पाठवणं जुनंच आहे. फक्त ते बसस्टँडवर थांबतं, गावात जात नाही.

परवडेल का, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे धरलेले आहेत; आपल्या रस्त्याचे आकडे घालून कोणालाही हाच हिशेब करता येईल.

स्टेशनपासून बारा किलोमीटरच्या रस्त्यावर चार गावं आहेत. गाडी सीएनजी इको, ड्रायव्हर सोडून सहा जण बसतील अशी. ड्रायव्हरचा रोज 600 रुपये, आणि हप्ता, विमा, टायर-दुरुस्ती मिळून आणखी 600. गाडी हलो न हलो, हे 1200 रुपये जाणारच. एका येण्याजाण्याला गॅस साधारण 100 रुपयांचा. दिवसाला चार फेऱ्या केल्या तर खर्च 1600 रुपये.

आता जमा. भाडं 40 रुपये, आणि जाताना सरासरी चार, येताना चार माणसं. एका फेरीचे 320, चार फेऱ्यांचे 1280 रुपये. म्हणजे रोज 320 रुपयांचा खड्डा. हाच खड्डा भरायला ड्रायव्हर अकरा माणसं कोंबतो. चार गावांची मिळून रोज वीस पार्सलं मिळाली आणि एका पार्सलमागे कुरिअरकडून 15 रुपये मिळाले, तर 300 रुपये येतात आणि खड्डा जवळजवळ बुजतो. त्यासाठी एक किलोमीटरही जास्त धावावं लागत नाही, कारण गाडी तिकडे जाणारच होती.

पण याच हिशेबात धोकाही दिसतो. सरासरी चारऐवजी तीन माणसं बसली तर खड्डा 640 वर जातो आणि पार्सलचे 300 रुपये पुरत नाहीत. मग पहिला विचार येतो फेऱ्या कमी करण्याचा. चारच्या तीन फेऱ्या केल्या तर गॅसचे फक्त 100 रुपये वाचतात, 1200 तसेच राहतात. तीन फेऱ्यांत भागवायचं तर प्रत्येक वेळी सरासरी पाच माणसं हवीत. ती तेव्हाच मिळतील, जेव्हा फेरी गाडीच्या किंवा बाजाराच्या वेळेला बांधलेली असेल. म्हणून वेळापत्रक ड्रायव्हरच्या सोयीने ठरवून चालत नाही. आधी रेल्वेच्या वेळा, आठवडे बाजार आणि दवाखान्याची वेळ लिहून काढायची, मग फेऱ्या ठरवायच्या.

पार्सल घरोघरी नको, दुकानात

गाडी दारोदार थांबली की प्रवासी वैतागतात आणि वेळ बिघडते. म्हणून प्रत्येक गावात एकच जागा ठरवायची: किराणा दुकान, दूध डेअरी किंवा झेरॉक्सवाला. सकाळच्या पहिल्या फेरीला शिवलेली पिशवी तिथे उतरते. दुकानदार पार्सलं मोजतो आणि वहीत सही करतो. गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत येऊन घेऊन जातं, आणि दुकानदाराला पार्सलमागे दोन-तीन रुपये मिळतात. ते हिशेबात आधीच धरलेले बरे, नाहीतर महिन्याभरात दुकानदार कंटाळतो.

भांडण होतं ते रोख पैशावरून. पार्सलचे पैसे ड्रायव्हरच्या हातात द्यायचेच नाहीत. पैसे दुकानदार घेईल, शक्यतो कुरिअर कंपनीच्या क्यूआरवर, आणि रोख असतील तर त्याच दिवशीच्या शेवटच्या फेरीला मोजून पाकिटात. तीन दिवसांत न उचललेलं पार्सल परत जाईल, हे दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं असावं.

सीमेचा पेच

आता आपल्या भागाची खास अडचण. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावरच्या बाकाच्या मधूनही सीमा जाते. पलीकडचा उच्छल तालुका तापी जिल्ह्यात. 2007 पर्यंत तो सुरत जिल्ह्यातच होता. माणसांची सोयरीक, बाजार, दवाखाना दोन्हीकडे आहे, पण गाडीचं परमिट एकाच राज्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 88 प्रमाणे दुसऱ्या राज्यात प्रवासी न्यायचे तर तिकडची प्रतिस्वाक्षरी लागते. बारा किलोमीटरच्या फेरीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. मग गाडी सीमेवर थांबते, नाहीतर चोरून जाते. चोरून जाणाऱ्या गाडीला अपघात झाला तर विम्याच्या पैशासाठी वाद उभा राहतो.

इथे दोन दरवाजे उघडे आहेत. पहिला, 2018 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने बॅटरीवर चालणाऱ्या वाहतुकीच्या गाड्यांना परमिटच्या अटीतून सूट दिली. नोंदणी, फिटनेस, विमा आणि ड्रायव्हरचा परवाना लागतोच, पण परमिटचा अडसर निघतो. मात्र प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी या कामाची नाही. साध्या ई-रिक्षात चार प्रवासी आणि 40 किलो सामान एवढीच मुभा असते, आणि तिचा वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत. स्टेशन ते गावठाण अशा तीन-चार किलोमीटरसाठी ती उत्तम. सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रकांच्या रांगेत ती नेणं धोक्याचं. लांब फेरीला मजबूत इलेक्ट्रिक ऑटो घेतली तर तीनच प्रवासी बसतात. वरच्या हिशेबात प्रवासी तीन धरले तर 40 रुपयांत भागत नाही, हे उघड आहे.

दुसरा दरवाजा सरकारने उघडायचा आहे. 2019 च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम 67 मध्ये तिसरं उपकलम आलं. त्याप्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्याच्या जोडणीसाठी वेगळी योजना करू शकतं, परमिटमध्ये बदल करू शकतं, आणि त्यात प्रवासी व माल दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे माणसं आणि पार्सल एकत्र नेणारी गाडी कायद्याच्या चौकटीत बसवायला जागा आहे. नवापूर-उच्छलसारख्या ठिकाणी महाराष्ट्र आणि गुजरातने एकमेकांना धरून अशी अधिसूचना काढली, तर ठरावीक मार्गावरच्या गाड्यांचा प्रश्न सुटेल. ग्रामपंचायतीने ठराव करताना "गाडी द्या" एवढंच न लिहिता या कलमाचं नाव, मार्ग आणि वेळापत्रक लिहिलं, तर मागणी नेमकी होते. तोपर्यंत प्रवासी गाडीत किती सामान चालेल, हे आरटीओकडून लेखी घेऊनच पार्सलची पिशवी चढवावी.

बिघडतंय हे कसं ओळखायचं?

अशी फेरी बहुतेक वेळा पैशाअभावी बंद पडत नाही, वेळ न पाळल्याने पडते. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर सातला निघतो. दुसऱ्या आठवड्यात दोनच माणसं दिसली की दहा मिनिटं थांबतो. तिसऱ्या आठवड्यात गाडी परत 'भरली की निघाली'वर येते. म्हणून नाक्यावरच्या दुकानात एक वही ठेवायची: सुटण्याची वेळ, माणसं किती, पार्सलं किती. एका आठवड्यात दोनदा फेरी पाच मिनिटांपेक्षा उशिरा सुटली, तर ड्रायव्हरशी बोलायची वेळ आली असं समजायचं. त्याला पहिले दोन-तीन महिने रिकाम्या खुर्चीची भीती वाटणारच. त्या काळात रोजची तूट कोणी आणि किती भरायची, ग्रामपंचायतीने की गावातल्या दूध डेअरीने, हे पहिल्या फेरीआधी कागदावर ठरलेलं असावं. वरच्या उदाहरणात तीन माणसांच्या सरासरीला पार्सलचे पैसे धरूनही ती तूट दिवसाला 340 रुपये येते.