काळ्या कोटाच्या आतबाहेर

न्यायालयाच्या आवारात शिरणाऱ्या पक्षकारास सर्व वकील एकाच साच्यातून काढल्यासारखे भासतात. तथापि ज्या नियमावलीने त्यांना हा काळापांढरा वेष नेमून दिला आहे ती बारकाईने वाचली, तर तिच्यात निषेधांपेक्षा विकल्पच अधिक आहेत असे आढळते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या या नियमांत पुरुषांस बंद गळ्याचा काळा कोट, चपकन, अचकन अथवा शेरवानी यांतून निवड करता येते. उघड्या गळ्याचा कोट घातल्यास त्यासोबत पांढरा सदरा, पांढरी कॉलर व बँड हवेत. आणि खाली पांढरी, काळ्या पट्ट्यांची किंवा करडी विजार अथवा धोतरही चालते, जीन्स मात्र नाही. चपकन आणि धोतर कायद्याने आजही ग्राह्य आहेत, हे ऐकून पुष्कळ तरुण वकिलांना अचंबा वाटतो!

स्त्रियांच्या बाबतीत तर नियमकर्त्यांनी अधिक सैल हात ठेवला आहे. साडी किंवा लांब घागरा पांढरा अथवा काळाच असावा अशी सक्ती नसून सौम्य, मंद अशा कोणत्याही रंगाचा चालतो; अट एवढीच की त्यावर छाप वा नक्षी नसावी. ही सवलत मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचाच उपयोग सर्वांत कमी केला जातो, कारण नवी वकील मुलगी नियम वाचण्याऐवजी शेजारणीकडे पाहून खरेदी करते.

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या अशा एका मुलीचे महिन्यातून एकदोनदा मुंबईस उच्च न्यायालयात काम निघते. तिने फिकट राखी किंवा बदामी रंगाची, अंगाच्याच रंगाचे काठ असलेली सुती साडी नेसली, तर नियमाचा भंग होत नाही; जरीचे वेलबुट्टीदार काठ मात्र ‘नक्षी’त मोडतील, असे कोणी म्हटल्यास तिला युक्तिवाद करणे अवघड जाईल. उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात कोटाची सक्ती नाही, उच्च न्यायालयात ती आहे. तेव्हा मुंबईच्या दमट हवेसाठी शिंप्याकडून अर्धे अस्तर लावलेला, हलक्या लोकरी कापडाचा कोट शिवून घेणे शहाणपणाचे. अस्तराच्या रंगाविषयी नियम चकार शब्द काढीत नाही. बाररूममध्ये खुर्चीच्या पाठीवर कोट टाकला म्हणजे आतले डाळिंबी अस्तर दिसते, आणि तेवढ्याने कोणाच्या अशिलाचे नुकसान होत नाही.

पादत्राणांविषयी तर नियमांत उल्लेखच नाही. काळ्या चामड्याच्या बंद बुटांचा जो दंडक आपण पाळतो तो केवळ रूढीचा आहे. म्हणून त्यात स्वतःची आवड घालण्यास जागा आहे, आणि न्यायाधीशांची मर्जी हीच तिची सीमा आहे. निवड करताना मात्र फरशीचा विचार आधी करावा. जुन्या इमारतींतील दगडी फरशीवर कठीण टाचेचा खटखटाट थेट न्यायासनापर्यंत पोचतो, आणि उलटतपासणी रंगात आलेली असताना मागच्या दाराने बाहेर पडणारी व्यक्ती सगळ्या कोर्टाचे लक्ष वेधून घेते. चामडी तळव्याला मोच्याकडून रबराचा पातळ थर बसवून घेतला की आवाज बंद होतो आणि पावसाळ्यात तळवा भिजून कुजतही नाही. बुटाची शिवण, नाडी की पट्टा, टाचेची ठेवण, पुरुषांच्या बाबतीत काळ्यालगतचा गडद जांभळा पायमोजा, एवढ्यात ज्याने त्याने आपली हौस भागवावी.

जी चूक सर्रास होते ती रंगाची नव्हे, पांढऱ्याची होते. मिश्र धाग्याच्या नव्या सदऱ्याचा पांढरा निळसर असतो. वर्षभर वापरलेले सुती बँड घामाने पिवळट पडतात. आणि दोन्ही चेहऱ्याखालीच एकमेकांना भिडत असल्यामुळे बँड धुतलेले असूनही मळके वाटतात. उजेडात, खिडकीपाशी धरून पाहावे म्हणजे फरक कळतो. उपाय सोपा आहे: सदरा किंवा झंपर शिवताना उरलेल्या त्याच कापडाचे दोन बँड शिंप्याकडून करून घ्यावेत, दोन्ही एकत्र धुवावेत आणि बँडांना खळ द्यावी.

दागिन्यांबद्दलही नियम मुका आहे. कुड्या, मनगटी घड्याळ, कोटाच्या खिशातील शाईचे पेन ही निर्धास्त स्थळे होत. मात्र कोटावर पक्षाचे किंवा संघटनेचे बोधचिन्ह लावणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण ते वापरणाऱ्याची अभिरुची न सांगता त्याची बाजू सांगते, आणि बाजू तर वकीलपत्रात लिहिलेलीच असते.

एक कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटते: समारंभासारखे काही प्रसंग वगळता बँड व गाऊन न्यायालयाबाहेर सार्वजनिक जागी वापरण्यास मनाई आहे. साहजिकच बँड काढून ठेवायला काहीतरी लागते, आणि त्यासाठी खणाची छोटी पिशवी शिवून घेतली तर, ती अंगावर नसल्याने, तिच्यावर कितीही नक्षी असली तरी बार कौन्सिलला हरकत घेण्याचे कारण उरत नाही.