प्रवासातली पासपोर्टची पिशवी : कापडाची की चामड्याची?

आपल्याकडच्या बाया आता बोधगया करून पुढे लुंबिनीलाही जातात. नेपाळला जाताना आधार कार्ड सगळ्यांनाच चालते असे नाही. पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र जवळ ठेवावे. समजा, आरमोरीची एखादी ताई पासपोर्ट घेऊन निघाली. वडशाला गाडीत बसल्यापासून घरी येईपर्यंत पासपोर्ट आणि पैसे अंगावरच ठेवायचे, तर पिशवी कशी असावी?

आधी माप. पासपोर्ट साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब आणि पावणेनऊ रुंद असतो. पण पाचशेची नोट 15 सेंटीमीटर लांब असते. त्यामुळे नुसता पासपोर्ट मोजून शिवलेल्या पिशवीत नोटा दुमडाव्या लागतात आणि पोटाशी जाड गठ्ठा होतो. आतून 17 बाय 11 सेंटीमीटर जागा हवी. चारही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर शिलाईत जाते, म्हणून तुकडे 20 बाय 14 चे कापा. दोन नाही, तीन तुकडे घ्या. मधल्या तुकड्याने दोन कप्पे होतात, एकात पासपोर्ट, दुसऱ्यात पैसे.

चामड्याची पिशवी दिसायला भक्कम असते, पासपोर्टही वाकत नाही. पण लुगड्याच्या आत ती घाम पिते, वाळली की कडक होते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि धुताही येत नाही. खांद्यावरच्या बॅगेत ठेवायची असेल तर ती चांगली. अंगाला लागून ठेवायला आम्ही सुती कापडच सांगू. आरमोरीचा कोसा सुंदर खरा, पण तो घामात कशाला घालवायचा? जाडसर मांजरपाट घ्या आणि कापण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून पासपोर्ट आत जाणार नाही. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालाला रंग लागला तर घामाने तो पासपोर्टलाही लागेल.

सुती कापडातून घाम आत झिरपतोच. म्हणून पासपोर्ट आधी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घाला, मग पिशवीत. भिजून पाने चिकटलेला किंवा फाटलेला पासपोर्ट सीमेवर अडवला जाऊ शकतो. चेनही प्लास्टिकची बरी, लोखंडी चेन घामाने गंजते.

गळ्यातली बारीक दोरी दिवसभरात मानेला काचते. दोन सेंटीमीटर रुंद पट्टी लावा. साडी नेसणाऱ्यांसाठी कमरेची पिशवी जास्त सोयीची. तिला मागून दोन फासे शिवा, परकराची नाडी त्यांतून ओवा आणि पिशवी पोटावर न ठेवता कुशीला ठेवा, म्हणजे वाकताना, मांडी घालताना रुतत नाही. शौचाला जाताना नाडी सैल केली तर पिशवी सरकते, तेवढा एक हात तिच्यावर राहू द्या.

चहा-पाण्याचे पैसे मात्र वेगळ्या बटव्यात. फलाटावर आतली पिशवी उघडली की कुठे काय आहे ते चार जणांना दिसते.

निघण्याच्या आठवडाभर आधी पिशवीत जुनी वही आणि कागद भरून एक दिवस घरकाम करा. कुठे काचते, कागद किती ओला होतो, ते संध्याकाळपर्यंत कळते आणि पट्टी बदलायला वेळही मिळतो.