पीक निघालं, उधारी राहिली

कृषी सेवा केंद्राच्या वह्यांत ३१ मार्चला तीस लाखांची उधारी दिसत असली, तरी ती सगळी वसूल होईल असं खुद्द दुकानदारही मानत नाही. काही बुडणार, एवढं त्याला ठाऊक असतं. कोणाची बुडणार, ते ठाऊक नसतं. पण विक्री यंदा झाली आणि नफाही यंदाच्या पत्रकात धरला, तर त्या विक्रीतून होणारा तोटा दोन-तीन वर्षांनी वसुलीचा नाद सोडल्यावर लिहून कसं चालेल? म्हणून अंदाजाने एक रक्कम याच वर्षी खर्चात टाकतात. तिला संशयित कर्ज निधी म्हणतात. यासाठी रोख रक्कम कुठे वेगळी काढावी लागत नाही. ताळेबंदात येण्यांमधून तेवढी वजावट दाखवली जाते.

अंदाज काढायची रूढ पद्धत म्हणजे उधारीचं वय बघणं. बिल जितकं जुनं तितकी ते वसूल होण्याची आशा कमी. तीस दिवसांपर्यंतची, नव्वद दिवसांपर्यंतची, सहा महिन्यांवरची अशी येण्यांची प्रतवारी लावतात आणि प्रत्येक गटाला बुडण्याची टक्केवारी देतात. शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याला हे साचे चालतात. लातूरकडच्या बी-बियाणं-खतांच्या दुकानाला ते जसेच्या तसे लावले, तर चित्र चुकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्यासाठी नेलेल्या मालाची उधारी मार्चअखेर पाच महिन्यांची झालेली असते, पण हरभरा नुकताच निघत असतो. ती थकलेली नाही. जूनमधली सोयाबीनची उधारी मात्र दिवाळीच्या आसपास यायला हवी होती. ती मार्चमध्येही वहीत असेल, तर शेतकऱ्याच्या हातात पैसा येऊन गेल्यावरही ती राहिली आहे. म्हणजे इथे दिवस मोजण्यापेक्षा हंगाम मोजावा.

एक उदाहरण कल्पून बघू. तीस लाखांपैकी रब्बीची १८ लाख, यंदाच्या खरिपाची उरलेली ८ लाख आणि मागच्या वर्षांची ४ लाख. टक्केवारी मनाने ठरवायची नाही. तीन वर्षांपूर्वीची ३१ मार्चची यादी काढायची आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे नंतर किती जमा झालं ते खतावणीत शोधायचं. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. त्या यादीत खरिपाचे ५ लाख राहिले होते आणि त्यातले ६० हजार आजवर आले नाहीत, तर दर १२ टक्के. याच रीतीने रब्बीचा २ आणि जुन्या बाकीचा ५० टक्के निघाला असं धरू. जुन्या चार लाखांत एक लाख अशा गिऱ्हाइकाकडे आहेत, जो जमीन विकून गाव सोडून गेला. त्याला सरासरी लावू नये; ते लाखच्या लाख धरावेत. आता बेरीज: रब्बीचे ३६ हजार, खरिपाचे ९६ हजार, जुन्या तीन लाखांचे दीड लाख आणि तो एक लाख. एकूण ३ लाख ८२ हजार.

ही सगळी रक्कम यंदाचा खर्च नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला निधीत २ लाख २० हजार होते आणि त्यातून ७० हजारांची बुडीत खाती बंद केली, तर दीड लाख शिल्लक आहेत. नफा-तोटा पत्रकात फक्त फरकाचे २ लाख ३२ हजार जातील, आणि ताळेबंदात येणी २६ लाख १८ हजार दिसतील.

जुन्या यादीचा दर मात्र जुन्या पावसाचा असतो. गेल्या तीन वर्षांत सोयाबीन बरं पिकलं आणि यंदा काढणीच्या वेळी भिजलं, तर १२ टक्के कमी पडतील. दर वाढवायलाच हवा. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस १०९’ या लेखामानकातही पुढच्या परिस्थितीचा विचार सक्तीचा आहे. याच मुभेचा गैरफायदाही घेतला जातो. बँकेला नफा चांगला दाखवायचा असला की टक्केवारी हळूच उतरते.

दुसरी लबाडी वहीतच लपते. शेतकरी जूनमध्ये वीस हजार भरतो, जुनं बिल मिटतं आणि त्याच दिवशी तीस हजारांचा नवा माल उधार जातो. यादीत सगळं ताजं दिसतं, प्रत्यक्षात बाकी दहा हजारांनी वाढलेली असते. म्हणून बिलांच्या तारखांबरोबर त्या माणसाची एकूण बाकी दरवर्षी चढते आहे का, हेही बघावं लागतं.

नुसत्या अशा तरतुदीवर आयकरात सूट मिळत नाही. साध्या व्यापाऱ्याला ती येणं बुडीत म्हणून वहीतून प्रत्यक्ष काढून टाकल्यावरच मिळते. त्यामुळे अनेक दुकानदार निधीच्या भानगडीत पडतच नाहीत, आणि त्यांच्या ताळेबंदातली उधारी वर्षानुवर्षं पूर्ण रकमेने उभी असते.