५५५ आणि अर्ध्या-अर्ध्याचा हट्ट

हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ५५५ ही टायमर आयसी १९७२ मध्ये बाजारात आली. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की ती सतत चालू-बंद होणारी चौकोनी लहर देते. मात्र चालू आणि बंदचा वेळ अगदी सारखा हवा असेल, तर थोडा विचार करावा लागतो.

आयसीच्या आत तीन सारखे रेझिस्टर असतात. ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असे दोन टप्पे ठरवतात. कपॅसिटर या दोन टप्प्यांमध्ये भरत आणि रिकामा होत राहतो. भरताना विद्युतप्रवाह R1 आणि R2 या दोन्हींतून येतो, तेव्हा आउटपुट चालू असते. रिकामा होताना मात्र तो फक्त R2 मधून सातव्या पिनकडे जातो. म्हणून चालू वेळ बंद वेळेपेक्षा नेहमीच जास्त भरतो. व्होल्टेज बदलले तर टप्पेही त्याच प्रमाणात सरकतात, त्यामुळे वारंवारतेत फारसा फरक पडत नाही.

```
f = 1.44 / ((R1 + 2×R2) × C)
duty = (R1 + R2) / (R1 + 2×R2)
```

समजा १ किलोहर्ट्झची लहर हवी आहे. आधी कपॅसिटर ठरवावा, कारण त्याच्या किमती मोजक्याच मिळतात. ०.०१ मायक्रोफॅरडचा घेतला, तर R1 + 2×R2 सुमारे १४४ किलोओहम हवे. R1 दहा आणि R2 अडुसष्ट किलोओहम घेतल्यास बेरीज १४६ येते, म्हणजे साधारण ९८६ हर्ट्झ. ड्यूटी सायकल ५३ टक्क्यांच्या आसपास राहते. R1 आणखी कमी केला तर ती ५० कडे सरकते, पण एक किलोओहमच्या खाली जाऊ नये. कपॅसिटर रिकामा होत असताना सातवी पिन जमिनीला जोडलेली असते आणि R1 वर पुरवठ्याचे पूर्ण व्होल्टेज येते. तो फार लहान असला तर आतला ट्रान्झिस्टर तापतो.

अनेकजण R2 ला समांतर डायोड जोडून दोन्ही रेझिस्टर सारखे घेतात. मग कपॅसिटर फक्त R1 मधून भरतो आणि गणित जुळल्यासारखे वाटते. पण डायोड स्वतः अर्धा-पाऊण व्होल्ट खातो. १२ व्होल्टवर ते खपून जाते. ५ व्होल्टवर भरण्याचा वेळ इतका लांबतो की ड्यूटी सायकल ५५ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे वरच्या साध्या जोडणीपेक्षाही वाईट! ५ व्होल्टवर डायोड वापरायचाच असेल, तर R1 मुद्दाम कमी घ्यावा.

काटेकोर निम्मे हवे असेल तर माझी पसंती दुसऱ्या मार्गाला आहे. R1 ४.७ आणि R2 ३३ किलोओहम घेऊन वारंवारता दुप्पट, सुमारे २ किलोहर्ट्झ करावी आणि आउटपुट फ्लिप-फ्लॉपला द्यावे. फ्लिप-फ्लॉप प्रत्येक पूर्ण आवर्तनाला एकदाच पालटतो, त्यामुळे मूळ लहर कितीही तिरपागडी असली तरी बाहेर येणारी बरोबर निम्मी असते.