जीभ भाजते, दोष मिरचीचा?

मगरिबची अजान झाली. खजूर झाला, पाण्याचे दोन घोट झाले. पण भज्याचा पहिलाच घास घेतला आणि वालूरच्या आमच्या खाला कळवळल्या. "तिखट जास्त पडलंय," म्हणत त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी भज्यात मिरची घातलीच नाही, तरी जीभ भाजली. तेव्हा सुनेने मोबाइलच्या उजेडात पाहिलं. जिभेवर लाल, गुळगुळीत, चकाकणारे चट्टे होते.

तिखटानेही जीभ भाजते. पण ते दुखणं दोन-चार दिवसांत जातं आणि जिभेचा खरखरीतपणा टिकून राहतो. हा खरखरीतपणा म्हणजे जिभेवरचे बारीक उंचवटे. त्यांच्या पेशी सतत झिजतात आणि नव्या येतात. नव्या घडायला बी-१२, फोलेट आणि लोह लागतं. ते कमी पडलं की उंचवटे विरतात, जीभ उघडी पडते आणि साधी चटणीही झोंबते.

"आमच्यात तर गोश्त होतं, मग कमतरता कशी?" खालांचा प्रश्न रास्त होता. बी-१२ मटण, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं. शाकाहारी घरांचा भरवसा दूध-दह्यावरच असतो. पण खाल्लेलं अंगी लागावं लागतं. खाला आठ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत होत्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या शरीरात बी-१२ कमी शोषलं जातं. रक्ततपासणीत तेच निघालं.

खाला मनानेच रक्तवाढीच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही घेत होत्या. या गोळीच्या इतिहासात आपली मुंबई आहे. १९२८ मध्ये इंग्रज डॉक्टर लुसी विल्स तिथे आल्या. गरीब गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचं रक्त सुधारलं. त्या अर्कातला गुण फोलेटचा, हे पुढे उमगलं.

गोळी मोलाची आहे, पण कमतरता बी-१२ची असेल तर ती फसवते. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतून चालूच राहते. खालांच्या तळपायांना मुंग्या येत होत्या, त्या यामुळेच. म्हणून बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नये. मधुमेहाची गोळीही मनाने बंद करू नये.

डॉक्टरांनी खालांना बी-१२ची इंजेक्शनं दिली. ईदपर्यंत जिभेची आग शमली. मुंग्या मात्र हळूहळू कमी होताहेत.

प्रत्येक लाल चट्टा कमतरतेचाच नसतो. पांढरट कडेचे, दर काही दिवसांनी जागा बदलणारे चट्टे बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र एकाच जागी दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला किंवा कडक लागणारा चट्टा लगेच दाखवावा. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये.