एका पंपाचे दोन परतावे

तेलविहिरीवर एक पंप चालू आहे. या वर्षाअखेरीस तो १०,००० डॉलरचं तेल काढेल, पुढच्या वर्षाअखेरीस आणखी १०,००० डॉलरचं, आणि मग विहीर आटेल. आज १,६०० डॉलर जादा घालून मोठा पंप बसवला, तर तेच २०,००० डॉलर पहिल्याच वर्षी हाती येतील. बसवावा का? शिकागो विद्यापीठातल्या जेम्स लॉरी आणि लेनर्ड सॅव्हेज यांनी १९५५ साली घातलेलं हे कोडं.

पंप बदलल्यानं जमाखर्चात पडणारा फरक एवढाच: आज १,६०० जातात, वर्षानं १०,००० जादा येतात, दुसऱ्या वर्षी १०,००० बुडतात. उणे, अधिक, उणे. चिन्ह दोनदा बदललं. अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, हा ज्या व्याजदरानं असा हिशोब बरोबर शून्यावर मिटतो तो दर. तो काढायला गेलं तर इथं दोन निघतात: २५ टक्के आणि ४०० टक्के.

दोन्ही ताडून पाहू. २५ टक्क्यांनी १,६०० चे वर्षात २,००० झाले. हाती आले १०,०००, म्हणजे ८,००० जास्तीचे. हे जणू आपण प्रकल्पाकडून घेतलेलं कर्ज. त्यावर २५ टक्के व्याज धरलं की दुसऱ्या वर्षी १०,००० फेडायचे. हिशोब चोख. आता ४०० टक्के घ्या. १,६०० चे ८,००० झाले, जास्तीचे फक्त २,००० आले, आणि त्यांचेच पुढच्या वर्षी १०,००० झाले. हाही चोख!

मेख इथंच आहे. पहिल्या वर्षी आपण सावकार आहोत, दुसऱ्या वर्षी कर्जदार. दर वाढवला की आपलं येणं फुगतं, म्हणून कर्ज कमी उरतं. पण उरलेल्या कर्जावरचं व्याजही चढतं. या ओढाताणीत तराजू दोनदा समतोल होतो. सावकाराला दर चढा हवा, कर्जदाराला उतरता. त्यामुळे या आकड्याला ‘परतावा’ म्हणणंच मुळात चुकीचं ठरतं. चिन्ह एकदाच बदललं, म्हणजे आधी पैसे गेले आणि मग येतच राहिले, तर असा घोळ होत नाही. शेवटी खड्डे बुजवायचा मोठा खर्च असलेल्या खाणीत मात्र तो होऊ शकतो.

एक्सेल हे सांगत नाही. A1 ते A3 मध्ये हे तीन आकडे भरून `=IRR(A1:A3)` लिहिलं की २५ टक्के येतात. `=IRR(A1:A3,4)` लिहिलं की ४००. शोध कुठून सुरू करायचा, एवढाच काय तो फरक.

अशा वेळी आयआरआर बाजूला ठेवून आपल्याला भांडवल ज्या दरानं पडतं, त्या दरानं सगळ्या रकमा आजच्या किमतीत आणाव्यात. समजा, तो दर १० टक्के आहे. मग वर्षानंतरचे १०,००० आज ९,०९१ चे, आणि दोन वर्षांनंतरचे ८,२६४ चे. दोन्ही ‘परतावे’ १० टक्क्यांच्या कितीतरी वर असूनही मोठा पंप सुमारे ७७३ डॉलरच्या तोट्यात जातो.